थोरलीला आधी हाक



आजच्या चिंतनाला पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यातली एक कथा घेतली आहे. भाद्रपदात कार्तिकातली कथा कशाला, असं वाटेल. पण आपल्या घरी तीन दिवसांसाठी जी माहेरवाशीण येते, तिच्या नावाचं कोडं या कथेतून सुटतं. पुण्या-मुंबईकडे तिला गौरी म्हणतात. आमच्या बीडकडे, सगळ्या मराठवाड्यातच, म्हणतात महालक्ष्मी. आणि बोलताना सरळ अनेकवचनात: "लक्ष्म्या कधी बसणार?" कारण त्या दोघी असतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. थोरली आणि धाकटी.

आता कथा ऐका. समुद्रमंथन झालं, तेव्हा लक्ष्मीच्या आधी एक बहीण बाहेर आली. तिचं नाव ज्येष्ठा. रूप राठ, डोळे लाल, केस तांबूस. मागून लक्ष्मी आली आणि विष्णूंनी तिला वरलं. पण लक्ष्मी म्हणाली, थोरली बिनलग्नाची असताना मी धाकटी कशी लग्न करू? मग विष्णूंनी ज्येष्ठेचं लग्न उद्दालक ऋषींशी लावून दिलं. ऋषी तिला आश्रमात घेऊन गेले. तिथे होमाचा धूर, वेदांचा घोष. तिला ते सोसेना. ती रडायला लागली. म्हणाली, हे घर माझं नाही. जिथे भांडण असतं, जिथे थोरामोठ्यांचा मान राहत नाही, तिथे मी रमते. ऋषींनी तिला एका पिंपळाखाली बसवलं. म्हणाले, इथेच थांब, तुझ्यासाठी जागा बघून येतो. ते गेले ते परत आलेच नाहीत. तिचं रडणं वैकुंठात लक्ष्मीला ऐकू आलं. लक्ष्मी विष्णूंना घेऊन आली. विष्णूंनी पिंपळ हेच ज्येष्ठेचं घर ठरवलं आणि दर शनिवारी धाकटीने थोरलीला भेटायला यावं, असं सांगितलं.

या ज्येष्ठेलाच अलक्ष्मी म्हणतात. प्रवचनात ही कथा सांगून झाली की बहुतेक वेळा एकच बोध काढला जातो: घरात भांडू नका, नाहीतर अलक्ष्मी येईल. बोध बरोबरच आहे. पण मला या कथेत दरवेळी दुसरीच गोष्ट दिसते. "इथे थांब, मी आलोच" म्हणून कुणीतरी निघून गेलं आणि एक बाई झाडाखाली वाट बघत बसली. तिला घ्यायला कुणी आलं नाही. आली ती फक्त तिची बहीण, आणि तीही तिला घरी न्यायला नाही.

आता आपल्या घराकडे बघा. आपण देवीला बोलावतो ते कोणत्या नावाने? ज्येष्ठा. पुराणाने जिला गावाबाहेर पिंपळाखाली ठेवलं, तेच नाव घेऊन भाद्रपदात घराघरांतल्या बाया तिला उंबऱ्याच्या आत घेतात, धाकटीच्या शेजारी पाटावर बसवतात, पुरणपोळी वाढतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शास्त्राच्या बाजूने या नावाचं उत्तर साधं आहे. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन होतं म्हणून ती ज्येष्ठा गौरी. अलक्ष्मीशी तिचा संबंध जोडायचं कारण नाही, असं कुणी जाणकार म्हणाले, तर ते चुकीचं नाही. पण कुळाचार नुसता पंचांगातून चालत नाही, तो बायांच्या बोलण्यातून चालतो. आणि आमच्याकडच्या बोलण्यात त्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. बहिणी म्हटल्या की एक थोरली आली, आणि थोरली म्हटलं की तिचा मान आधी आला.

आधी नक्षत्राचं समजून घेऊ, कारण शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची गडबड तिथेच होते. गणपती चतुर्थीला येतात, म्हणजे तिथीने. लक्ष्म्या नक्षत्राने येतात. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन आणि मूळ नक्षत्रात विसर्जन. ही तीन नक्षत्रं ओळीने सतरावं, अठरावं आणि एकोणिसावं. सत्तावीस नक्षत्रांचा फेरा चंद्र साधारण सव्वासत्तावीस दिवसांत पुरा करतो, म्हणून एका नक्षत्राला ढोबळमानाने एक दिवस. तीन नक्षत्रं, तीन दिवस. लेकीची रजा एवढीच.

आता दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघा. २०२४ मध्ये गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि आवाहन १० सप्टेंबरला, सप्तमीच्या दिवशी. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि आवाहन ३१ ऑगस्टला, अष्टमीच्या दिवशी. म्हणजे एका वर्षी गणपतीनंतर तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी चौथ्या दिवशी. "गणपतीनंतर तीन दिवसांनी लक्ष्म्या" असा हिशोब करून एखाद्याने रजा टाकली असती, तर २०२५ मध्ये हिशोब एका दिवसाने चुकला असता. आणखी एक. २०२५ मध्ये ३१ तारखेला अनुराधा नक्षत्र संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला संपत होतं. आपल्याकडे लक्ष्म्या दिवेलागणीला आणायची सवय. त्या वर्षी पंचांग पाळणाऱ्या घरांना पावलं दुपारीच काढावी लागली. म्हणून तिकीट काढण्याआधी कॅलेंडरवरची नुसती तारीख बघू नका. खाली बारीक अक्षरात "अनुराधा अमुक वाजेपर्यंत" असं लिहिलेलं असतं, ते वाचा.

ढग नसतील तर पूजनाच्या संध्याकाळी गच्चीवरही जा. नैऋत्येकडे चंद्राच्या आसपास तांबडा, ठळक तारा दिसतो. तोच ज्येष्ठा. कथेतल्या थोरलीचे लाल डोळे आठवतात की नाही बघा.

पहिला दिवस आवाहनाचा. आमच्याकडे मुखवटे वर्षभर धान्यात किंवा पेटीत जपून ठेवलेले असतात. ते काढून, पुसून, कुंकू-काजळ रेखून तयार करतात. बसवायची जागा आधीच ठरलेली असते. लोखंडी आडणीवर, किंवा जुन्या घरांत मातीच्या वा पत्र्याच्या कोठ्यांत गहू-ज्वारी भरून, त्यावर साडी नेसवून मुखवटा ठेवतात. पोटात धान्य असलेली देवी, ही कल्पनाच किती मराठवाडी आहे! दारापासून, कुठे तुळशीपासून, आतपर्यंत रांगोळीची पावलं काढतात. दोघी सवाष्णी दोन मुखवटे हातात घेऊन उंबऱ्यावर येतात. त्यांच्या पायांवर दूध-पाणी घालतात, कुंकू लावतात. कुणीतरी ताट वाजवतं. आतून विचारतात, कोण आलं? बाहेरून उत्तर येतं. मग तिला सगळं घर दाखवतात. हे स्वयंपाकघर, ही धान्याची कोठी, हा दागिन्याचा डबा. पाहुणीला आपण दिवाणखान्यात बसवतो. कोठी दाखवतो ती फक्त लेकीला.

आणि या सगळ्यात आत येताना पुढे असते ज्येष्ठा. आमच्या घरचा ज्येष्ठेचा मुखवटा जुना पितळी आहे, नाकाच्या शेंड्यावर पोचा आलेला. कनिष्ठेचा नंतर कधीतरी घेतलेला, नितळ. एका वर्षी कुणीतरी सुचवलं, थोरलीचाही नवा घ्या, जोडी एकसारखी दिसेल. आजी म्हणाली, "थोरली आहे ती. थोरलीचं तोंड बदलत्यात का कुठं?" विषय संपला. पोच्यावर अजूनही तेवढ्याच हळुवारपणे कुंकू लागतं. पहिल्या रात्रीचा नैवेद्य भाजी-भाकरीचा. प्रवास करून आलेल्या लेकीला आल्या आल्या पक्वान्न वाढत नाहीत, आधी घरचं साधं जेवण.

इथे ज्येष्ठा गौरीची कहाणी आठवा. घरोघरी पूजेनंतर ती वाचतात. गरीब ब्राह्मणाची पोरं हट्ट धरतात, आपल्याकडेही गौर आणा. आणायची तर सामान हवं, सामानाला पैसा हवा, आणि घरात काहीच नाही. बाप निराश होऊन तळ्यावर जीव द्यायला निघतो. वाटेत त्याला एक म्हातारी भेटते. तो तिला घरी घेऊन येतो. बायको विचारते, ही कोण? तो म्हणतो, आजी. कण्या बघायला मडक्यात हात घालते, तर मडकं भरलेलं. इथे थांबा जरा. ज्या गौरीसाठी पोरं रडत होती ती अशी आली: म्हातारी, अनोळखी, खायला एक तोंड वाढवणारी. ती देवी आहे हे तिला घरात घेताना कुणालाच माहीत नव्हतं. कहाणी रचणाऱ्या बायांनी देवीला सोळा वर्षांची सुंदर मुलगी करून पाठवता आलं असतं. त्यांनी थोरलीच पाठवली.

दुसरा दिवस पूजनाचा, जेवणाचा. पुरणपोळी, सोळा भाज्या, पुरणाचे सोळा दिवे करून आरती. सोळा भाज्यांची धास्ती घेऊ नका, बहुतेक घरांत त्या मिळतील तशा एकत्र करून एकच मिसळीची भाजी करतात. वर मंडपाला फुलोरा टांगतात: करंज्या, पापड्या, आणि कणकेची तळलेली वेणी-फणी. लेकीचा शृंगारसुद्धा खायचा केलेला!

पण आमच्याकडे नैवेद्याच्या ताटात जिच्याशिवाय चालत नाही ती आंबील. एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात कालवून रात्रभर ठेवायचं. सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आणायची, मीठ-जिरं घालायचं आणि कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने हलवत राहायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मंद आचेवर दहाएक मिनिटं, पिठाचा कच्चा वास जाऊन चकाकी येईपर्यंत. गार झाल्यावर ती घट्ट होते, म्हणून उतरवताना पातळच ठेवायची. आदल्या रात्री फार उकडत असेल तर ताक गोड घ्या, नाहीतर सकाळपर्यंत तोंड आंबेल इतकी आंबट होते. पुरणपोळीच्या शेजारी आंबील का? मला वाटतं, कारण ती रोजच्या ज्वारीची आहे. सणाचं आणि रोजचं, दोन्ही एका ताटात. थोरली आणि धाकटीसारखं.

आता त्या मांडणीत आणखी काय असतं ते बघा. दोघींच्या पुढ्यात लहान मुलं उभी करतात. आमच्याकडे त्यांना पिलवंडं म्हणतात. आमच्या घरी एक मुलगा आहे आणि एक मुलगी. दोघांना नवे कपडे, दोघांच्या गळ्यात मणी.

याच बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. राज्यात सगळ्यात कमी. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, हाच आकडा ८९४ होता. म्हणजे एकेका गावात सजवलेल्या मखरात पिलवंडांची जोडी पुरी, आणि अंगणात मुलींची जागा रिकामी. हे आपण देवीसमोर बोलायचं टाळतो. सणात असलं कशाला, म्हणतो. पण मग कधी बोलायचं? लेकीच्या रूपात देवी घरात बसलेली असताना नाही, तर कधी? त्याच २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ज्या मुलींची नावं घरच्यांनी "नकुशा" ठेवली होती, त्यांना जाहीर कार्यक्रमात नवी नावं दिली गेली. नकुशा म्हणजे नको असलेली. पिंपळाखाली बसवलेल्या ज्येष्ठेचं दुसरं नाव काय वेगळं असणार?

एका वर्षी माझी चुलत बहीण लक्ष्म्यांना माहेरी आली होती. तिला पहिली मुलगी, आणि त्या वर्षी दुसरीही मुलगीच झालेली. बाळ तीन महिन्यांचं. हळदी-कुंकवाला आलेल्या एक बाई ओटी भरता भरता म्हणाल्या, "यंदा पदर पसर महालक्ष्मीपुढं, मुलगा माग." बोलण्यात वाईटपणा नव्हता, मायाच होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. बहीण खाली बघत राहिली. माझी आजी मागे वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "अगं, मागायचं काय त्यात? दोघी आल्यात की तिच्या घरी. थोरली अन् धाकटी. आता तुम्ही-आम्ही एवढा खटाटोप करून बसवायच्या त्या आणिक कोण?"

ओटी भरणाऱ्या बाईंनी मग दोन्ही पोरींच्या कपाळाला कुंकू लावलं. आधी थोरलीच्या. बहिणीच्या सासरचं सगळं त्या दिवसाने बदललं असं मी म्हणणार नाही. पण मी इतक्या वेळा ऐकलेल्या कथेचा अर्थ मला त्या दिवशी लागला. देवीपुढे पदर पसरून आपण मागतो काय, आणि समोर बसलेली कोण आहे, हे दोन्ही एकदा एकत्र बघावं लागतं.

तिसरा दिवस मूळ नक्षत्राचा. सकाळी सुताचे सोळा पदरी दोरे घेऊन हळदीत पिवळे करतात आणि गाठी पाडतात. गाठीत हळदी-कुंकू, सुका मेवा, झेंडूचं पान, काशीफळाचं फूल, रेशमी धागा, ज्या घरी जे चालत आलं असेल ते. दोरा देवीपुढे ठेवून मग घरातल्या बाया तो गळ्यात किंवा हातात बांधतात. शेवयाच्या खिरीचा नैवेद्य होतो. मग अक्षता टाकतात आणि मुखवटे जागेवरून जरासे हलवतात. बस, तेवढंच. आमच्याकडे मुखवटे पाण्यात सोडत नाहीत, ते पुन्हा धान्यात जातात. जिथे खड्यांच्या किंवा तेरड्याच्या गौरी असतात, तिथे त्या पाण्यावर नेतात आणि येताना तिथली चिमूटभर वाळू आणून घरभर टाकतात.

ही वाळूही कहाणीतलीच. तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणते, मला आता पोहोचतं कर. ब्राह्मण घाबरतो. तू गेलीस तर हे सगळं जाईल. ती म्हणते, जाणार नाही. ही वाळू घे, मडक्यांवर टाक, पेटीवर टाक, गोठ्यात टाक. हीच ज्येष्ठा गौर. थांबवता येत नाही, पण जाताना घर रिकामं करून जात नाही.

आमच्या जिल्ह्यात या तीन दिवसांना आणखी एक अर्थ आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. कित्येक लेकींची दिवाळी, भाऊबीज फडावर, कोपीत जाते. त्यांना माहेर मिळतं ते त्याआधी, पावसाळ्यात. म्हणून लक्ष्म्यांना आलेली लेक परत निघते तेव्हा आई तिच्या पिशवीत फुलोऱ्यातल्या करंज्या, उरलेलं पुरण, ज्वारीचं पीठ भरत राहते. पुढची भेट कधी, ते दोघींनाही माहीत असतं. मूळ नक्षत्र संपायच्या आत देवीला निरोप द्यायचा असतो, आणि एसटी सुटायच्या आत लेकीला.

यंदा तुम्ही गावी जाणार असाल तर आवाहनाच्या वेळेला पोहोचा, नुसतं जेवायला नको. थोरलीचा मुखवटा कोणता ते घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या. पुष्कळ घरांत आता नव्या पिढीला ते ओळखताही येत नाही. आणि जाता येणार नसेल, तर आवाहनाच्या संध्याकाळी एक फोन करा. घरातली थोरली जी कुणी असेल तिला: मोठी बहीण, मोठी काकू, जिचं कुणी विचारत नाही ती आत्या. कधी येतेस, एवढंच विचारा. तिने विचारलं का रे आज, तर सांगा, आज अनुराधा नक्षत्र आहे, आज थोरलीला घरी बोलवायचा दिवस.

जय महालक्ष्मी. उद्या पुन्हा भेटू.